माल पोचला, माल स्वीकारला : सरकारी कंपनीला बिल कसे लावतात

सार्वजनिक क्षेत्रातल्या कंपनीला माल दिला की टॅक्स इन्व्हॉइस पाठवून काम संपत नाही. तिथे बिल म्हणजे कागदांचा एक संच असतो. इन्व्हॉइस त्यात सर्वांत वर लागते, पण बिल पास होते ते त्याखालच्या कागदांमुळे. कारण साधे आहे. बिल पास करणाऱ्या लेखा विभागातल्या अधिकाऱ्याने माल पाहिलेला नसतो आणि तो पाहायला जाणेही त्याचे काम नसते. माल आला, मोजला, तपासला, बसवला, हे त्या त्या जागी हजर असलेल्या माणसाने सही-शिक्क्यानिशी लिहून दिले असेल तरच तो पैसे सोडू शकतो. पुढे लेखापरीक्षणात हीच फाइल उघडली जाते. तेव्हा सगळे तोंडी ठरले होते, असे त्याला सांगता येत नाही.

म्हणून लेखा विभाग तीन कागद शेजारी-शेजारी ठेवून पाहतो: कंपनीची खरेदी ऑर्डर, भांडाराची माल-पावती आणि पुरवठादाराचे इन्व्हॉइस. माल-पावतीला बहुतेक ठिकाणी ‘जीआरएन’ किंवा नुसते ‘जीआर’ म्हणतात. वस्तू, नग, दर आणि ऑर्डरचा क्रमांक या तिन्ही कागदांवर जुळले तर बिल पुढे सरकते. एका ठिकाणी जरी फरक दिसला तर ते परत येते. बिल अडकले की पुरवठादार लेखा विभागाला दोष देतो, पण बहुतेक वेळा फरक आधीच पडलेला असतो. तो भांडाराच्या दारात पडतो, आणि तिथल्या चलनावर कोणी काय लिहिले याकडे त्या दिवशी कोणी पाहिलेले नसते.

हे नीट समजण्यासाठी एक रचलेले उदाहरण घेऊ. पुण्याजवळच्या औद्योगिक वसाहतीतल्या एका छोट्या भागीदारी संस्थेला केंद्र सरकारच्या एका कंपनीच्या रायगड जिल्ह्यातल्या कारखान्याची ऑर्डर मिळाली. भांडारासाठी पोलादी रॅक पुरवायचे आणि बसवून द्यायचे. ४० रॅक, प्रत्येकी १८,५०० रुपये, म्हणजे ७,४०,००० रुपये. बसवण्याचे ठोक ६०,००० रुपये. एकूण ८,००,००० आणि त्यावर १८ टक्के जीएसटी १,४४,००० रुपये. पुरवठ्याची शेवटची तारीख ३० सप्टेंबर. पैशांच्या अटी अशा: माल स्वीकारल्यावर त्या मालाच्या किमतीचे ८० टक्के आणि पूर्ण कर, रॅक उभे करून काम पूर्ण झाल्याचा दाखला मिळाल्यावर उरलेले २० टक्के आणि बसवण्याची रक्कम. उशीर झाल्यास उशिरा आलेल्या मालाच्या किमतीवर दर आठवड्याला किंवा आठवड्याच्या भागाला अर्धा टक्का कपात.

अनुभवी पुरवठादार अशी ऑर्डर हाती येताच शेवटचे पान आधी वाचतो. बिलाला काय काय जोडायचे, किती प्रतींत द्यायचे, मूळ प्रत कोणाकडे पाठवायची, हे तिथे लिहिलेले असते. टेस्ट सर्टिफिकेट, गॅरंटीपत्र, पॅकिंग लिस्ट यांपैकी काय मागितले आहे तेही तिथेच कळते. माल कारखान्यातून निघाल्यावर यातला एखादा कागद तयार करायचा म्हटले तर तो मागची तारीख घालून करावा लागतो, आणि मागची तारीख घातलेला कागद तपासणाऱ्याला लगेच ओळखू येतो.

माल निघताना

जीएसटीच्या कायद्यानुसार माल हलवण्याच्या वेळी किंवा त्याआधी टॅक्स इन्व्हॉइस फाडावे लागते. मालाच्या इन्व्हॉइसच्या तीन प्रती असतात: मूळ प्रत खरेदीदाराची, दुसरी वाहतूकदाराची, तिसरी पुरवठादाराची. इन्व्हॉइसचा क्रमांक जास्तीत जास्त १६ अक्षरांचा असावा आणि त्या आर्थिक वर्षात तो पुन्हा येऊ नये. क्रमांकात संस्थेचे नाव, वर्ष, विभाग असे सगळे कोंबण्याच्या हौसेपायी ही मर्यादा ओलांडली जाते. पाच कोटी रुपयांपेक्षा अधिक उलाढाल असलेल्यांना ई-इन्व्हॉइस करून त्यावर क्यूआर कोड घ्यावा लागतो. उदाहरणातली संस्था त्याहून लहान आहे.

खरेदीदाराचा जीएसटी क्रमांक हा चुकीचा एक नेहमीचा धागा आहे. सरकारी कंपन्यांचे मुख्यालय बहुधा दिल्लीत किंवा मुंबईत असते आणि कारखाने अनेक राज्यांत. प्रत्येक राज्यासाठी त्यांचा जीएसटी क्रमांक वेगळा असतो. माल रायगडला जाणार असेल आणि इन्व्हॉइसवर दिल्लीचा क्रमांक पडला, तर कराचा प्रकारच बदलतो आणि कंपनीला त्या कराचे क्रेडिट घेता येत नाही. असे इन्व्हॉइस हाताने दुरुस्त करून चालत नाही.

उदाहरणात माल दोन ट्रकांत गेला. पहिल्यात २५ रॅक होते, किंमत ४,६२,५०० रुपये आणि कर ८३,२५०. दुसऱ्यात १५ रॅक होते, किंमत २,७७,५०० आणि कर ४९,९५०. महाराष्ट्रातल्या महाराष्ट्रात एक लाख रुपयांपेक्षा अधिक किमतीचा माल हलवायचा तर ई-वे बिल लागते, त्यामुळे दोन्ही ट्रकांसाठी ते काढले. ई-वे बिलावरचा गाडीचा क्रमांक पुढे कारखान्याच्या फाटकावर नोंदला जाणार असतो. वाटेत गाडी बिघडली आणि माल दुसऱ्या गाडीत चढवला, तर नवा क्रमांक ई-वे बिलात भरला पाहिजे. नाहीतर कागदावर एक गाडी निघते आणि फाटकावर दुसरीच पोचते.

रॅकसारखा माल सुटा जातो. एका रॅकला चार खांब आणि पाच फळ्या धरल्या तर पहिल्या ट्रकमध्ये १०० खांब, १२५ फळ्या आणि बोल्टांच्या पिशव्या होत्या. ऑर्डर मात्र ‘रॅक’ या एककात आहे. डिलिव्हरी चलनावर नुसते ‘१०० खांब, १२५ फळ्या’ लिहिले, तर भांडारातला माणूस तेवढीच संख्या नोंदवतो, आणि लेखा विभागाला ऑर्डरमधले रॅक आणि पावतीतले खांब जुळवता येत नाहीत. म्हणून पहिली ओळ ऑर्डरमधल्या शब्दांत आणि ऑर्डरच्या एककात लिहायची: ‘पोलादी रॅक, २५ नग, ऑर्डरमधील बाब क्रमांक १’. सुट्या भागांची मोजदाद तिच्याखाली. पोत्यात किंवा डब्यात जाणाऱ्या मालालाही हाच न्याय लागू आहे. ऑर्डर किलोत असेल तर चलनावर डब्यांच्या संख्येआधी किलो दिसले पाहिजेत.

तीन शिक्के, तीन अर्थ

कारखान्यात पोचलेल्या मालावर एकामागून एक शिक्के पडतात आणि बाहेरून ते सारखेच दिसतात. त्यांचे अर्थ मात्र वेगळे आहेत.

पहिला शिक्का फाटकावरचा. अनेक मोठ्या सरकारी कारखान्यांत तिथे केंद्रीय औद्योगिक सुरक्षा दल असते. आवक क्रमांक, तारीख, वेळ आणि गाडीचा क्रमांक चलनावर पडतो. या शिक्क्यातून एवढेच सिद्ध होते की ही गाडी या दिवशी आत आली. आत काय होते, याबद्दल तो काही सांगत नाही. तरीही मुदतीत पुरवठा झाला की नाही हे ठरवताना हाच शिक्का कामी येतो, म्हणून तो ठळक उमटला आहे ना, हे ड्रायव्हरने तिथल्या तिथे पाहायला हवे. शाईचा पॅड वाळलेला असणे ही काही दुर्मीळ घटना नाही.

दुसरा शिक्का भांडाराचा. त्यावर बहुधा ‘मिळाले, तपासणीच्या अधीन’ अशा अर्थाची ओळ असते. भांडाराने नग मोजून घेतले, दर्जाबद्दल मत दिले नाही, असा त्याचा अर्थ. शिक्का मारलेली चलनाची प्रत घेऊन ड्रायव्हर परततो आणि पुष्कळ लहान पुरवठादार तीच प्रत स्वीकृती समजून बिलाला जोडतात. परत आलेल्या बिलांची मोठी रास इथूनच सुरू होते. माल पोचल्याचा हा उत्तम पुरावा आहे. माल पसंत पडल्याचा तो पुरावा नाही.

तिसरा टप्पा तपासणीचा. वापरणाऱ्या विभागाचा अभियंता किंवा दर्जा तपासणारा अधिकारी माल पाहतो आणि भांडार माल-पावती बनवते. तिच्यात बहुधा चार संख्या असतात: चलनाप्रमाणे किती, प्रत्यक्ष मिळाले किती, स्वीकारले किती, नाकारले किती. बिल फक्त ‘स्वीकारले’ या रकान्याशी जुळायला हवे.

उदाहरणातला पहिला ट्रक १८ सप्टेंबरला पोचला, दुसरा २२ सप्टेंबरला. २५ सप्टेंबरला तपासणी झाली तेव्हा पहिल्या ट्रकमधले सहा खांब वाकलेले निघाले. शंभरातले ९४ चांगले राहिले. त्यांतून २३ रॅक पूर्ण उभे राहतात आणि दोन खांब उरतात. ऑर्डर रॅकमध्ये असल्याने तपासनिसाने २३ रॅक स्वीकारले, दोन नाकारले आणि नकाराचा मेमो त्याच दिवशी दिला. दुसऱ्या ट्रकमधले पंधराही रॅक स्वीकारले गेले. माल-पावत्यांवरची एकूण स्वीकृत संख्या झाली ३८.

शिक्क्याखाली सही कोणाची, हेही महत्त्वाचे आहे. नाव, हुद्दा आणि तारीख नसलेली सही लेखा विभागाच्या दृष्टीने अर्धवट असते. सही करणारा बदलून गेला तर ती कोणाची हे कोणी सांगू शकत नाही. चलनावरची संख्या खोडून वर नवी लिहिली असेल तर त्या खोडाखोडीशेजारी पुन्हा सही हवी. व्हाइटनर लावलेले चलन तर न जोडलेले बरे.

राज्य सरकारच्या कार्यालयात हेच काम दुसऱ्या रूपात होते. तिथे बिलावरच दाखला लिहितात: माल चांगल्या स्थितीत मिळाला, साठा नोंदवहीच्या अमुक पानावर अमुक क्रमांकाने नोंद घेतली. मग आहरण व संवितरण अधिकारी देयक कोषागाराकडे पाठवतो. बांधकामाचे असेल तर मोजमाप पुस्तकाचे पान उद्धृत होते. पाच हजारांहून मोठ्या रकमेच्या पावतीवर एक रुपयाचे महसूल तिकीट लावून सही करण्याची पद्धतही जुनी आणि अजून चालू आहे. जेम या सरकारी खरेदी संकेतस्थळावरून ऑर्डर असेल तर भांडाराचे शिक्के पडद्यावर येतात. तिथे आधी तात्पुरती पावती निघते, तिला पीआरसी म्हणतात. नंतर स्वीकृतीचा दाखला निघतो, तो सीआरएसी. पीआरसीसाठी ४८ तास आणि त्यानंतर सीआरएसीसाठी दहा दिवस अशी मुदत जेमच्या अटींत आहे. माध्यम बदलले तरी पोचणे आणि स्वीकारणे हे दोन टप्पे तिथेही वेगळेच ठेवलेले आहेत.

३८ रॅकचे बिल

आता पुरवठादारापुढे पेच असा आहे. इन्व्हॉइस ४० रॅकची फाडली गेली आहेत, स्वीकृती ३८ ची आहे. इन्व्हॉइसवर पेनाने ४० चे ३८ करता येत नाहीत, कारण त्यावरचा कर जीएसटीच्या विवरणात जायचा आहे. नाकारलेले दोन रॅक परत घेतले की पहिल्या इन्व्हॉइसच्या नावे क्रेडिट नोट काढायची: ३७,००० रुपये आणि कर ६,६६०, मिळून ४३,६६० रुपये. क्रेडिट नोटवर मूळ इन्व्हॉइसचा क्रमांक आणि तारीख असावी. नकाराच्या मेमोचा क्रमांकही टाकला की तीन कागद एकमेकांना धरून राहतात. नाकारलेला माल बाहेर काढताना कारखान्याचा गेटपास मिळतो. त्याची प्रत ठेवायची, कारण माल खरोखर परत गेला याचा तोच पुरावा.

दोन रॅक बदलून येईपर्यंत थांबावे आणि मग चाळीसचे एकच बिल लावावे, असा मोह होतो. ऑर्डरमध्ये टप्प्याटप्प्याने पुरवठ्याला आणि बिलाला परवानगी असेल तर तो मोह टाळलेलाच बरा. ३७ हजारांच्या मालासाठी सात लाखांहून अधिक किमतीच्या मालाचे पैसे अडकवण्यात अर्थ नाही.

पहिले बिल असे बसते. ३८ रॅकची किंमत ७,०३,००० रुपये. तिचे ८० टक्के ५,६२,४००. पूर्ण कर १,२६,५४०. मागणी ६,८८,९४० रुपयांची. सरकारी कंपनी त्यातून जीएसटीचा टीडीएस कापते. करारातली करावेगळी रक्कम अडीच लाखांपेक्षा जास्त असेल तर करावेगळ्या देय रकमेवर २ टक्के, राज्यांतर्गत व्यवहारात केंद्राचा एक आणि राज्याचा एक. ही पद्धत १ ऑक्टोबर २०१८ पासून लागू आहे. इथे कपात ११,२४८ रुपये आणि हातात ६,७७,६९२. कराच्या रकमेवर ही कपात होत नाही. कोणी पूर्ण ६,८८,९४० वर दोन टक्के लावले असतील तर ते लगेच दाखवून द्यावे.

संच लावताना वर एक पानाचे पत्र असावे. त्यात ऑर्डर क्रमांक आणि तारीख, विक्रेता कोड, मागितलेली रक्कम आणि ती कशी काढली ते तीन-चार ओळींत. मग दोन्ही इन्व्हॉइसच्या मूळ प्रती, क्रेडिट नोट, शिक्के असलेली चलने, ट्रान्सपोर्टची बिल्टी, ई-वे बिले, माल-पावत्यांच्या प्रती, ऑर्डरमध्ये मागितलेली सर्टिफिकेटे आणि उद्यम नोंदणी. हिशेबाचा कागद वर असेल तर तपासणाऱ्याला आकडा स्वतः शोधावा लागत नाही. यात चातुर्य असे काही नाही, पण बिलाचा वेळ वाचतो तो बहुधा याच पानामुळे. बँक खाते मध्येच बदलले असेल तर ते आधी विक्रेता नोंदीत बदलून घ्यावे. बिलावर नवे खाते आणि कंपनीच्या नोंदीत जुने असेल तर सगळे कागद बरोबर असूनही पैसे थांबतात. बिल दिल्याची पोच, म्हणजे आवक क्रमांक किंवा विक्रेता पोर्टलवरची नोंद, तीही जपायची.

तारखा कोणाच्या धरायच्या

फाटकावरच्या शिक्क्याला कायद्यात आणखी एक मोल आहे. २००६ च्या सूक्ष्म, लघु आणि मध्यम उद्योग कायद्यानुसार सूक्ष्म किंवा लघु उद्योगाचे पैसे ठरलेल्या तारखेपर्यंत द्यावे लागतात, आणि ती ठरलेली तारीख स्वीकृतीपासून ४५ दिवसांच्या पुढची असू शकत नाही. इथे ‘स्वीकृतीचा दिवस’ म्हणजे काय, हे कायदा स्वतः सांगतो: माल प्रत्यक्ष पोचल्याचा दिवस. पोचल्यापासून १५ दिवसांत खरेदीदाराने लेखी हरकत घेतली तर ती हरकत पुरवठादाराने दूर केल्याचा दिवस. १५ दिवसांत लेखी हरकत नसेल तर माल पोचल्या दिवशीच स्वीकारला गेला असे मानले जाते.

कारखान्याचा लेखा विभाग मात्र दिवस मोजतो माल-पावतीपासून, आणि काही ठिकाणी तर बिल जमा झाल्यापासून. दोन्ही हिशेबांत फरक पडतो. पहिल्या ट्रकमधल्या ज्या २३ रॅकवर हरकत नव्हती त्यांचे ४५ दिवस १८ सप्टेंबरपासून मोजले तर २ नोव्हेंबरला संपतात. माल-पावतीच्या २५ सप्टेंबरपासून मोजले तर ९ नोव्हेंबरला. इथे फरक सात दिवसांचा आहे, पण तपासणी महिनाभर रखडली तर तो महिन्याचा होतो. उशिरावर रिझर्व्ह बँकेच्या बँक रेटच्या तिप्पट दराने, दरमहा चक्रवाढीने व्याज लागते, आणि वाद सूक्ष्म व लघु उपक्रम सुलभीकरण परिषदेकडे नेता येतो. तिथे गेल्यावर पहिला प्रश्न येतो तो माल कधी पोचला याचा. तेव्हा भांडाराची माल-पावती आणि फाटकाचा शिक्का हे दोन्ही कागद हवेत. एकाने लेखा विभागाचे समाधान होते, दुसऱ्याने कायद्याची तारीख सिद्ध होते.

प्रत्यक्षात फार थोडे पुरवठादार व्याज मागतात, कारण पुढची ऑर्डर त्याच दारातून यायची असते. तरी तारखा लिहून ठेवणाऱ्याला निदान स्मरणपत्र नेमके लिहिता येते.

पूर्णत्वाचा दाखला

बदली दोन रॅक ९ ऑक्टोबरला पोचले आणि १३ ऑक्टोबरला स्वीकारले गेले. त्यांचे नवे इन्व्हॉइस ३७,००० अधिक ६,६६० रुपयांचे. मुदत ३० सप्टेंबरला संपली होती, म्हणजे उशीर नऊ दिवसांचा, आणि आठवड्याचा भागही पूर्ण आठवडा धरायचा असल्याने दोन आठवड्यांचा. कपात ३७,००० वर एक टक्का, ३७० रुपये. कधी कधी ही कपात चुकून पूर्ण ऑर्डरवर लागते. इथे तसे झाले असते तर ८,००० रुपये गेले असते. ३८ रॅकच्या चलनांवर मुदतीच्या आतल्या तारखांचे फाटकाचे शिक्के असतील तर हा वाद पाच मिनिटांत मिटतो.

रॅक बसवण्याचे काम ३१ ऑक्टोबरला संपले. आता लागतो काम पूर्ण झाल्याचा दाखला, आणि तो भांडार देत नाही. ज्याच्या देखरेखीखाली काम झाले तो प्रभारी अभियंता तो देतो. चांगल्या दाखल्यात ऑर्डर क्रमांक, कामाचे वर्णन ऑर्डरच्याच शब्दांत, किती नग बसवले, काम सुरू झाल्याची आणि संपल्याची तारीख, काम समाधानकारक झाल्याचे वाक्य आणि बाकी राहिलेली कामे नसल्याचा उल्लेख असतो. ‘काम झाले आहे’ एवढीच ओळ आणि खाली सही, असा दाखला मिळाला तर तो परत नेऊन पुरा करून घ्यावा. लेखा विभागाला त्यातून ना संख्या कळते, ना तारीख.

अभियंत्याला कोरे पत्र लिहायला सांगण्यापेक्षा मसुदा टंकून न्यावा. मात्र त्याआधी त्याच्याबरोबर एकदा फिरून प्रत्येक रॅक पाहून घ्यावा आणि उणिवांची यादी जागेवरच करावी. एखादा बोल्ट सैल आहे, दोन फळ्यांवर रंग उडालेला आहे, अशा बाबी सहीच्या वेळी निघाल्या की सही पुढे ढकलली जाते. त्या दाखल्यात ‘बाकी कामे’ म्हणून शिरल्या तर शेवटचे २० टक्के अडकतात.

कारखान्याच्या आत मजूर राबले असतील तर पूर्णत्वाच्या बिलासोबत आणखी कागद मागितले जातात: त्या काळातली मजुरी दिल्याचा पुरावा, भविष्य निर्वाह निधी आणि राज्य विमा यांची चलने, मजुरांचे गेटपास परत केल्याची नोंद. काम चार मजुरांनी आठवड्याभरात केले असले तरी ही चलने लागू शकतात. त्या मजुरांची नावे चलनात नाहीत, हे बिल देताना कळून उपयोग नाही.

या टप्प्यातल्या बिलात दोन बदली रॅकचे ८० टक्के आणि त्यांचा कर मिळून ३६,२६० रुपये. चाळीसही रॅकचे उरलेले २० टक्के १,४८,०००. बसवण्याचे ६०,००० आणि त्यावरचा कर १०,८००. बसवणे ही सेवा असल्याने तिचे इन्व्हॉइस काम झाल्यावर ३० दिवसांच्या आत काढायचे आणि त्याच्या दोनच प्रती लागतात. मागणी २,५५,०६० रुपये. त्यातून जीएसटीचा टीडीएस ४,७५२, उशिराचे ३७०, आणि बसवण्याच्या रकमेवर आयकराचा टीडीएस, भागीदारी संस्थेसाठी २ टक्के म्हणजे १,२००. हातात २,४८,७३८. दोन्ही बिलांची बेरीज ९,२६,४३०. ऑर्डरच्या ९,४४,००० मधून १७,५७० रुपयांची कपात झाली.

या कपातीतले बुडाले ते फक्त ३७० रुपये. जीएसटीचे १६,००० रुपये पुरवठादाराचेच असतात, पण ते आपोआप येत नाहीत. कंपनी पुढच्या महिन्याच्या दहा तारखेपर्यंत जीएसटीआर-७ हे विवरण भरते. मग पुरवठादाराने जीएसटी पोर्टलवर ‘टीडीएस आणि टीसीएस क्रेडिट रिसीव्ह्ड’ या पानावर ती नोंद स्वीकारली की रक्कम त्याच्या रोख खातेवहीत जमा होते आणि पुढचा कर भरायला वापरता येते. कंपनीने विवरणात पुरवठादाराचा जीएसटी क्रमांक चुकवला तर ही नोंद दिसतच नाही, म्हणून बिलाचे पैसे आल्यानंतरच्या महिन्यात हे पान एकदा उघडून पाहावे. आयकराची कपात २६-एएस मध्ये दिसते.

शेवटी उरते सुरक्षा ठेवीची बँक गॅरंटी. केंद्राच्या वित्तीय नियमांत तिची मुदत वॉरंटीसह सगळ्या जबाबदाऱ्या संपल्यानंतर ६० दिवसांपर्यंत धरलेली असते आणि अनेक सरकारी कंपन्यांच्या अटी तशाच आहेत. उदाहरणात वॉरंटी काम पूर्ण झाल्यापासून १२ महिन्यांची आहे असे धरू. अभियंत्याने दाखल्यावर सही केली ४ नोव्हेंबरला, काम संपले ३१ ऑक्टोबरला. दाखल्यात काम संपल्याची तारीख स्पष्ट असेल तर गॅरंटी पुढच्या वर्षी ३० डिसेंबरच्या सुमारास सुटते. ती लिहायची राहिली आणि भांडाराने सहीची तारीख धरली, तर मुदत नव्या वर्षाच्या ३ जानेवारीपर्यंत जाते. अनेक बँका गॅरंटीचे कमिशन तिमाहीच्या हिशेबाने घेतात, त्यामुळे त्या चार दिवसांसाठी आणखी एका तिमाहीचे कमिशन भरावे लागू शकते.